साठ ॲम्प्लिफायर बरे की एकशेवीस?

अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेली एक केबल डोळ्यांसमोर आणा. लांबी 6,000 किलोमीटर. तिच्या आत केसाएवढ्या जाडीचे काचेचे तंतू आहेत आणि त्यांतून 1,550 नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश धावतो आहे. काच कितीही शुद्ध केली तरी वाटेत प्रकाश झिजतोच. सर्वसाधारण चांगल्या फायबरमध्ये 50 किलोमीटरनंतर दहावा हिस्सा उरतो आणि 100 किलोमीटरनंतर शंभरावा. वाटेत कुठेच मदत मिळाली नाही, तर पलीकडच्या किनाऱ्यावर एक फोटॉनसुद्धा पोहोचणार नाही.

म्हणून ठरावीक अंतरावर प्रकाश वाढवणारी यंत्रे बसवतात. 1988 साली सुरू झालेल्या टॅट-8 या अटलांटिक केबलमध्ये ही यंत्रे प्रकाशाचे विजेत रूपांतर करत, आलेला ठोका शून्य आहे की एक हे ठरवत आणि कोरा करकरीत नवा ठोका पुढे पाठवत. त्यामुळे मागचा डाग पुढे जात नसे. पण असे यंत्र एकाच तरंगलांबीसाठी आणि एकाच वेगासाठी बांधलेले असे. वेग वाढवायचा म्हटले तर समुद्रतळाचे प्रत्येक यंत्र बदलावे लागले असते.

1987च्या सुमारास इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटाने आणि अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये इमॅन्युएल डेसुरव्हीर व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरचा तोडगा दाखवून दिला. एर्बियम या धातूचे अणू मिसळलेला काही मीटर फायबर घ्यायचा आणि त्यात 980 नॅनोमीटरचा लेझर सोडायचा. एर्बियमचे आयन ती ऊर्जा घेऊन वरच्या पातळीवर जातात. मग सिग्नलचा फोटॉन जवळून गेला की ते खाली येतात आणि खाली येताना हुबेहूब तसाच फोटॉन सोडतात. एकाचे दोन, दोनाचे चार होत सिग्नल शंभरपट होतो. वीज नाही, रूपांतर नाही. शिवाय एकाच फायबरमधल्या डझनावारी तरंगलांब्या एकाच वेळी वाढतात. 1990च्या दशकाच्या मध्यावर टॅट-12/13 केबलमधून हे तंत्र अटलांटिकखाली गेले. आज मुंबईच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या केबलींतही हेच ॲम्प्लिफायर आहेत.

मात्र या ॲम्प्लिफायरला शून्य-एक कळत नाही. जे येईल ते तो वाढवतो आणि त्यात स्वतःची थोडी भर घालतो. वरच्या पातळीवर गेलेला आयन तिथे सरासरी सुमारे 10 मिलिसेकंद टिकतो. तेवढ्यात सिग्नलचा फोटॉन भेटला नाही, तर तो आपोआप खाली येतो आणि मनाला येईल त्या दिशेने, मनाला येईल त्या क्षणी फोटॉन सोडतो. असे काही फोटॉन नेमके तंतूच्या दिशेने निघतात आणि सिग्नलबरोबर तेही शंभरपट होतात. हाच नॉइज. कारागिरी सुधारून तो कमी होतो, पण शून्य होत नाही. भौतिकशास्त्राचीच मर्यादा अशी आहे की अगदी निर्दोष ॲम्प्लिफायरसुद्धा सिग्नल खूपपट वाढवताना त्याची मूळ शुद्धता निम्म्यावर आणतो.

आता हिशोब करू. दर 100 किलोमीटरवर एक असे 60 ॲम्प्लिफायर बसवले. प्रत्येक तरंगलांबीचा सिग्नल 1 मिलिवॉट, म्हणजे 1,000 मायक्रोवॉट ताकदीने निघतो, 100 किलोमीटरनंतर 10 मायक्रोवॉट उरतो आणि ॲम्प्लिफायर त्याला पुन्हा 1,000 वर आणतो. शंभरपट वाढ देणारा चांगला ॲम्प्लिफायर, 0.1 नॅनोमीटरच्या पट्टीत मोजला तर, सुमारे अर्धा मायक्रोवॉट नॉइज घालतो. पुढच्या टप्प्यात हा नॉइजही सिग्नलबरोबर झिजतो आणि पुढच्या ॲम्प्लिफायरमध्ये सिग्नलबरोबरच वर येतो, म्हणून तो अर्ध्यावरच राहतो. त्यात दुसऱ्याचा अर्धा मिळवला की एक, तिसऱ्याचा मिळवला की दीड. साठाव्यानंतर 30 मायक्रोवॉट. म्हणजे शेवटी सिग्नल नॉइजच्या सुमारे 33 पट.

प्रत्येक ॲम्प्लिफायर नॉइज घालतो, तेव्हा त्यांची संख्या कमी ठेवणेच शहाणपणाचे, असे कोणालाही वाटेल. उलट करून पाहू. दर 50 किलोमीटरवर एक, म्हणजे एकूण 120. आता प्रत्येकाला फक्त दहापट वाढ द्यायची आहे. नॉइज वाढीच्या प्रमाणात असतो, म्हणून प्रत्येकाची भर अर्ध्याऐवजी 0.05 मायक्रोवॉट. 120 जणांची मिळून 6. सिग्नल नॉइजच्या सुमारे 166 पट! ॲम्प्लिफायर दुप्पट झाले आणि नॉइज पाचव्या हिश्श्यावर आला.

याचे कारण साधे आहे. ॲम्प्लिफायरची संख्या वाढते तसा नॉइज बेरजेने वाढतो, पण टप्पा लांबवला की लागणारी वाढ गुणाकाराने चढते. सिग्नल फार क्षीण होण्याआधीच त्याला हात दिला, तर शुद्धता टिकते.

पाचपट शुद्धतेचे मोलही ठोस आहे. प्रकाशाच्या चार अवस्था वापरल्या तर एका चिन्हात 2 बिट जातात, सोळा वापरल्या तर 4. पण सोळा अवस्था एकमेकींच्या फार जवळ असतात. त्या वेगळ्या ओळखायला साधारण साडेचार ते पाचपट स्वच्छ सिग्नल लागतो. म्हणजे वरचा फरक एका तरंगलांबीची माहिती वाहण्याची क्षमता दुप्पट करण्याच्या जवळ नेतो.

मग दर 10 किलोमीटरवर ॲम्प्लिफायर का बसवत नाहीत? पहिली अडचण विजेची. समुद्रतळाच्या प्रत्येक ॲम्प्लिफायरला केबलमधल्याच तांब्यातून, किनाऱ्यावरून हजारो व्होल्टच्या दाबाने वीज पुरवावी लागते आणि त्या दाबाला मर्यादा आहे. दुसरी अडचण काचेची. प्रकाश तीव्र झाला की काचेचा अपवर्तनांक किंचित बदलतो आणि तरंगलांब्या एकमेकींना बिघडवू लागतात. टप्पे आखूड केले की फायबरमधली सरासरी तीव्रता वाढते, म्हणून सिग्नलची ताकद थोडी उतरवावी लागते आणि पाचपट फायद्यातला काही भाग हातचा जातो. एरवीही नॉइजवर मात करायला नुसती ताकद वाढवता येत नाही. एका मर्यादेनंतर ही बिघाडाची भर ताकदीच्या घनाने वाढते. म्हणून खूप लांबच्या मार्गांवर टप्पे 50 किलोमीटरच्या आसपास असतात आणि छोट्या मार्गांवर ते लांबवता येतात.

नॉइज साठतो आहे हे दिसते कसे? किनाऱ्यावरच्या केंद्रात स्पेक्ट्रम ॲनालायझर लावला की पडद्यावर प्रत्येक तरंगलांबीचा एकेक सुळका उभा दिसतो. सुळक्यांच्या मधली जमीन म्हणजे नॉइज. पाठवणाऱ्या टोकाशी ती खोल असते, पलीकडच्या टोकाशी वर आलेली असते. आज तरंगलांब्या इतक्या खेटून बसवतात की मधली जमीन दिसतच नाही. तेव्हा एखादी तरंगलांबी तात्पुरती बंद करून तिच्या रिकाम्या जागी नॉइज मोजतात, किंवा चुका दुरुस्त होण्यापूर्वी किती बिट चुकले ते पाहतात.

समजा, जहाजाच्या नांगराने केबल तुटली. दुरुस्तीत जास्तीची केबल जोडावी लागली आणि एका टप्प्याची झीज दहापट वाढली. पुढच्या ॲम्प्लिफायरपाशी सिग्नल दहावा हिस्साच पोहोचेल. तोटा एकट्याने भरून काढायचा म्हटले तर त्याची भर 0.05 वरून 0.5 मायक्रोवॉट होईल. पण एकूण नॉइज 6 वरून 6.45 वरच जाईल, म्हणजे साडेसात टक्के वाढ. प्रत्यक्षात एवढी वाढ एकाला झेपत नाही, ती पुढचे दोन-चार जण वाटून घेतात. एका दुबळ्या टप्प्याने 120 ॲम्प्लिफायरची केबल निकामी होत नाही. मात्र अशा दुरुस्त्या एकावर एक होत गेल्या, तर राखून ठेवलेली शिल्लक हळूहळू संपते.

म्हणूनच टप्प्याचा निर्णय केबल टाकण्याआधी फार विचार करून घेतात. अशी केबल 25 वर्षांसाठी बांधतात. त्या काळात किनाऱ्यावरची उपकरणे दोन-तीनदा बदलून अधिक हुशार बसवता येतात, पण समुद्रतळाचे अंतर बदलता येत नाही. कितीही चांगले उपकरण आले तरी त्याच्या हाती तोच सिग्नल येतो, ज्यात त्या एकशेवीस ॲम्प्लिफायरची भर आधीच मिसळलेली असते.