बोलीतली आत्या, पुस्तकातली आत्या

तमिळनाडूतलं पहिलीतलं मूल शाळेत येतं तेव्हा तमिळ त्याला उत्तम बोलता येत असतं. तरी पुस्तकातलं तमिळ त्याला बरंचसं नव्याने शिकावं लागतं. आपल्याकडे ‘केलं’ आणि ‘केले’ एवढंच अंतर असेल, तर तिथे क्रियापदं, प्रत्यय, उच्चार, शब्द सगळंच बदलतं. घरात, बाजारात पुस्तकी तमिळ कुणी बोलत नाही, आणि बोलीतलं तमिळ धड्यात सहसा छापलं जात नाही. त्यामुळे मुलांच्या तोंडचा संवाद धड्यात घ्यायचा, तर तो आधी लेखी भाषेत आणावा लागतो.

एक छोटा नमुना घेऊ. एक मुलगा आजीला सांगतोय: ‘नेत्तु अत्तै वंदांग. मरत्तुल कुरुविंग इरुंदुच्चु. नाळैक्कि वरेन्नु सोन्नांग.’ म्हणजे, काल आत्या आल्या होत्या, झाडावर पाखरं होती, उद्या येते म्हणाल्या.

‘वंदांग’ या रूपात पहिली अडचण आहे. त्याचा अर्थ ‘त्या (एकट्या) आल्या’ असाही होतो आणि ‘ते सगळे आले’ असाही. मराठीत ‘ते आले’ म्हटल्यावर एक मोठा माणूस आला की चारजण आले हे संदर्भावरूनच कळतं, तसंच हे. पण काटेकोर लेखी तमिळमध्ये मान देऊन एकाबद्दल बोलताना ‘वंदार्’ आणि अनेकांबद्दल ‘वंदार्गळ्’ अशी दोन रूपं वेगळी ठेवता येतात. बोलणाऱ्याने जे मोकळं सोडलेलं असतं, ते लिहिणाऱ्याला ठरवावं लागतं. इथे आत्या एकट्याच आल्या, म्हणून ‘वंदार्’. संवादात नुसतं ‘अवंग वंदांग’ असेल, तर मागची वाक्यं वाचल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

पाखरांच्या वाक्यात याच्या उलट घडतं. बोलीत पाखरू एक असो की दहा, क्रियापद ‘इरुंदुच्चु’ हेच चालतं. लेखीत मात्र एकासाठी ‘इरुंददु’ आणि अनेकांसाठी ‘इरुंदन’. म्हणून वाक्य होतं ‘मरत्तिल् कुरुविगळ् इरुंदन’. घाईत केलेलं काम इथेच उघडं पडतं. नाम लेखी आणि क्रियापद बोलीतलं, असं ‘कुरुविगळ् इरुंदुच्चु’ राहून जातं. म्हणून तपासताना प्रत्येक वाक्यातला कर्ता आणि क्रियापद यांची जोडी वेगळी काढून पाहावी.

उच्चारातही एक सापळा आहे. ‘नेत्तु’चं लेखी रूप ‘नेट्रु’, आणि ‘काऱ्या’साठी नव्हे तर वाऱ्यासाठी बोलीत जो ‘कात्तु’ शब्द आहे त्याचं ‘काट्रु’. यावरून ‘त्त’ दिसला की ‘ट्र’ करावं असा नियम मनात बसतो. पण दहा या अर्थाचा ‘पत्तु’ लेखीतही ‘पत्तु’च राहतो. जुन्या भाषेतले दोन वेगळे ध्वनी बोलीत एकच झाले आहेत, त्यामुळे बोलीवरून मागे जाण्याचा सरधोपट मार्ग नाही. प्रत्येक शब्दाचं लेखी रूप माहीतच असावं लागतं. वारा ‘कात्तु’ असाच लिहिला, तर त्या अक्षरांचा लेखी अर्थ ‘राखून, जपून’ असा निघतो, आणि वाक्य भलतीकडे जातं.

तिसऱ्या वाक्यात ‘वरेन्नु’ उलगडून ‘वरुगिरेन् एन्रु’ होतं, म्हणजे ‘येते असं’. पुढच्या ‘सोन्नांग’साठी लेखीत दोन क्रियापदं हाताशी आहेत: ‘सोन्नार्’ आणि ‘कूरिनार्’. दोन्ही शुद्ध. पण ‘सोल्’ हा धातू मूल रोज वापरतं, ‘कूरु’ त्याला पुस्तकातच भेटतो. ‘जाणे’साठीही तसंच ‘पो’ आणि ‘सेल्’. माझं ठाम मत असं की प्रत्यय पूर्ण लेखी असावेत, धातू मात्र शक्य तिथे मुलाच्या ओळखीचा ठेवावा. व्याकरण शिकवायला प्रत्ययच लागतात. धातूही बदलला, तर मुलाला एकाच वाक्यात दोन अनोळखी गोष्टी ओलांडाव्या लागतात. बससाठी पाठ्यपुस्तकात ‘पेरुंदु’ येतो तो येऊ द्यावा, पण एका परिच्छेदात असे नवे शब्द मोजकेच असावेत.

मग आपला संवाद असा होतो: ‘नेट्रु अत्तै वंदार्. मरत्तिल् कुरुविगळ् इरुंदन. नाळै वरुगिरेन् एन्रु सोन्नार्.’

एक गोष्ट मात्र यात हरवतेच. हा मुलगा मदुरैचा की चेन्नईचा, कुठल्या घरातला, हे बोलीवरून ओळखू येत होतं, ते आता येत नाही. जयकांतन यांच्यासारख्या कथाकारांनी पात्रांच्या तोंडी बोलीच ठेवली ती याचसाठी. पहिली-दुसरीच्या धड्याला ही किंमत मोजावी लागते. वरच्या वर्गात मात्र निवेदन लेखी आणि संवाद बोलीत असलेली एखादी कथा मुद्दाम द्यावी, आणि तिच्यातले संवाद लेखी करण्याचं काम मुलांकडूनच करून घ्यावं. ‘वंदांग’ म्हणजे एकजण की अनेक, हे ठरवताना त्यांना दोन्ही भाषांचं व्याकरण एकदमच कळेल.