हिरडीजवळची खाच

पन्नाशीच्या एका बाई थंड पाणी दातांना झोंबतं म्हणून आल्या. वरच्या डाव्या सुळ्याला आणि शेजारच्या दोन दाढांना हिरडीलगत खाचा होत्या. कीड असेल, असं त्यांना वाटत होतं; पण खाच गुळगुळीत, चकचकीत आणि कडक होती. कीड सहसा मऊ लागते.

मग मी दातांची टोकं पाहिली. रात्री दात खाणाऱ्यांची टोकं सपाट होतात आणि वरचा सपाट भाग खालच्यावर नेमका बसतो. यांचं तसं नव्हतं. बाई उजव्या हाताने, कडक ब्रशने आडवं घासत आणि वर मिश्री लावत. उजवा हात डाव्या बाजूला जास्त जोर देतो. खाच बशीसारखी पसरट होती; सवयी पाहता ती घासण्याची झीज वाटत होती. चावण्याच्या ताणाने मानेशी टवका उडाला, तर खाच पाचरीसारखी, धारदार होते असं मानतात. पण त्या कारणाचा पुरावा अजून कच्चा आहे आणि जोरात घासूनही तशी खाच पडते. त्यामुळे नुसत्या आकारावर मी निदान करत नाही.

दोन खाचा उथळ होत्या. त्यांना हात लावला नाही. फोटो काढून ठेवले, मऊ ब्रश आणि झोंबणं कमी करणारी पेस्ट दिली, मिश्री बंद केली. तिसरी दीड मिलिमीटर खोल होती, तिथे अन्न अडकत होतं. तेवढीच भरली.

सवय तीच राहिली, तर भरलेलं सिमेंटही झिजतं किंवा निघून येतं.