रेषेवर बसवलेला हेडफोन

हेडफोनचा मोजलेला आलेख घ्यायचा, शेजारी 'टार्गेट'ची रेषा ठेवायची आणि दोघांतला फरक सॉफ्टवेअरने भरून काढायचा. ऑटोइक्यू हा मुक्त प्रकल्प नेमके हेच करतो. त्यातून निघालेली फाइल विंडोजवर इक्वलायझर एपीओमध्ये घातली की काम झाले, असे वाटते. बऱ्याच अंशी ते होतेही.

गैरसमज: टार्गेट म्हणजे मूळ, खरा आवाज.

सर्वाधिक वापरले जाणारे टार्गेट हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांच्या संशोधनातून आले. त्याची सुरुवात 2012-13च्या सुमारास झाली. चांगल्या खोलीतले चांगले स्पीकर कृत्रिम कानात कसे मोजले जातात ते त्यांनी पाहिले आणि मग श्रोत्यांना खर्ज व तीव्र भाग आपापल्या आवडीने कमी-जास्त करायला लावला. म्हणून ही रेषा सपाट नाही. 3 किलोहर्ट्झच्या आसपास तिच्यात टेकडी आहे, कारण कानाची पाळी आणि नळी तिथला आवाज मुळातच वाढवतात. खालचा खर्ज उचललेला आहे, कारण बहुतेकांना तो तसा आवडला. तेव्हा टार्गेट म्हणजे अनेकांच्या पसंतीची सरासरी. डग्गा तुम्हाला फार घुमल्यासारखा वाटला तर खर्ज दोन डेसिबलने उतरवा. त्यात काही बिघडत नाही.

गैरसमज: इक्वलायझरने आवाज पडतो, तो बंदच बरा.

उघड्या पाठीच्या हेडफोनचे उदाहरण घेऊ. सेनहायझर एचडी 600 सारख्या हेडफोनचा खर्ज 100 हर्ट्झच्या खाली टार्गेटपेक्षा उतरत जातो. दुरुस्तीची फाइल साधारण अशी असते (आकडे नमुन्यादाखल):

```
Preamp: -6.2 dB
Filter 1: ON LSC Fc 105 Hz Gain 6.0 dB Q 0.70
Filter 2: ON PK Fc 3300 Hz Gain -2.0 dB Q 2.00
```

पहिला फिल्टर 105 हर्ट्झच्या खालचा सगळा भाग उचलतो, दुसरा 3300 पाशी थोडी कपात करतो. डिजिटल आवाजाला कमाल मर्यादा असते. खर्ज 6 डेसिबलने वाढवला की मोठ्या आघातांना तो छताला आपटतो आणि फाटतो. म्हणून पहिल्या ओळीत सगळाच आवाज आधी 6.2 डेसिबलने खाली घेतला आहे. ती ओळ खोडू नका. मात्र तुलना करताना हीच ओळ फसवते. इक्वलायझर बंद केला की गाणे एकदम जोरात वाजते आणि जोरात वाजणारे कानाला चांगलेच वाटते. खरी तुलना करायची तर दोन्ही फिल्टर बंद ठेवा, पण `Preamp` तशीच राहू द्या.

दुसरी फसगत म्हणजे काही संगीत-प्लेअर 'एक्सक्लुझिव्ह' पद्धतीने वाजवतात आणि त्या वेळी इक्वलायझर एपीओ मध्ये येतच नाही. मी आठवडाभर अशी न लागलेली दुरुस्ती ऐकून खूश होतो! त्यानंतर कळले की `Preamp` क्षणभर -30 करून पाहायचे. आवाज पडला नाही, तर दुरुस्ती लागलेलीच नाही.

गैरसमज: आलेखातला प्रत्येक खड्डा बुजवता येतो.

इथे खरी मर्यादा येते. 8 किलोहर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी सुमारे 4.3 सेंटिमीटर असते, म्हणजे जवळजवळ कानाच्या पाळीच्या मापाची. त्या भागातले शेंडे आणि खड्डे पाळीचा आकार, नळीची लांबी आणि हेडफोन डोक्यावर कुठे बसला यांवर ठरतात. मोजणी झाली ती कृत्रिम कानावर. आलेखात 9 किलोहर्ट्झला खोल खड्डा दिसला, तरी तुमच्या कानात तो 8 ला असेल किंवा नसेलही. आलेख पाहून तिथे 8 डेसिबल भरले, तर झांजा टोचू लागतील.

तपासायला सोपे आहे. 5 पासून 12 किलोहर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा एकच सूर कमी आवाजात ऐका आणि कुठे किंचाळतो ते टिपून ठेवा. मग हेडफोन अर्धा सेंटिमीटर पुढे सरकवून पुन्हा ऐका. जागा बदलली तर तो शेंडा हेडफोनच्या ठेवणीचा आहे. त्याला अरुंद फिल्टर लावून उपयोग नाही. जागा पक्की राहिली तर दोन-तीन डेसिबलची कपात करून पाहा. खड्डा भरण्यापेक्षा शेंडा कापणे सुरक्षित.

गैरसमज: स्वस्त हेडफोन महागाइतका होतो.

स्वरांचा तोल जवळ येतो, पण पडद्याची ताकद वाढत नाही. खर्जात 6 डेसिबलची वाढ म्हणजे त्या भागात पडद्याला जवळजवळ दुप्पट हलावे लागते. छोट्या पडद्याला ते जमले नाही, तर तानपुऱ्याच्या खर्जात आधी नसलेला भरडपणा येतो. असे झाले की वाढ 3 डेसिबलवर आणा. शिवाय आलेख ज्या नगाचा, तो तुमचा नग नव्हे. पाठ बंद असलेल्या हेडफोनवर चष्म्याची काडी उशीखाली आली किंवा उशी झिजून फट राहिली, तर खर्ज तिथूनच गळतो. अशा वेळी फाइलमध्ये आकडे वाढवण्याआधी उशी बदलून पाहा.