मसावि काढून थांबू नका, उलटे चला

१०० आणि ३६ यांचा मसावि ४. तो भागाकाराने असा मिळतो: १०० = २×३६ + २८, ३६ = २८ + ८, २८ = ३×८ + ४. पुढे ८ ला ४ ने पूर्ण भाग जातो.

आता खालून वर या. ४ = २८ − ३×८. इथे ८ च्या जागी ३६ − २८ लिहिले की ४ = ४×२८ − ३×३६ होते. मग २८ च्या जागी १०० − २×३६ ठेवा: ४ = ४×१०० − ११×३६. पडताळा सोपा आहे, ४०० − ३९६.

चूक बहुधा एकाच ठिकाणी होते. घाईत ३×८ चे २४ केले की ८ दिसेनासा होतो आणि वाट तुटते. उत्तर मात्र एकमेव नाही. १४×३६ − ५×१०० हेही ४ च. आर्यभटांची ‘कुट्टक’ रीत याच भागाकारांवर उभी आहे.