पालकसभेत वाचायची कविता

स्क्रीन टाइमवरच्या पालकसभेत मुलांच्या तक्रारी भरपूर होतात, पण जेवताना आपल्याच हातात फोन असतो हे मोठ्यांना सांगणं अवघड असतं. उपदेश केला तर पालक आखडतात. तेच हसत सांगितलं तर ऐकून घेतात. म्हणून सभेची सुरुवात एका छोट्या कवितेने करावी.

अशा कवितेसाठी अष्टाक्षरी सोयीची. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं. चाल कानाला ओळखीची असते, त्यामुळे एकदाच ऐकूनही अर्थ पोचतो. दुसरी आणि चौथी ओळ यमकाने जुळली की पुरे. उदाहरणादाखल ही पाहा:

पोळी निवली ताटात
बाबा मेलमध्ये दंग
आई फोटो काढताना
उडे भाजीचाही रंग

आजी विचारते, "मीठ
जरा जास्त का रे झालं?"
नातू अंगठाच दावी
आजीच्या ना ध्यानी आलं

टोपलीत फोन सारे
गेले झोपून निवांत
घर बोलू लागे तेव्हा
वरणाशी बोले भात

पहिल्या कडव्यात आई-बाबा मुद्दाम घेतले आहेत. हसू आधी मोठ्यांवर आलं, की नंतर नातवाचा उल्लेख कुणाला टोचत नाही. हाच क्रम उलटा केला तर कविता मुलांवर ठेवलेला आरोप वाटते आणि सभेत ओशाळी शांतता पसरते. दुसऱ्या कडव्यात आजीचा प्रश्न साधा आहे, त्याला उत्तर मात्र चॅटमधल्या खुणेने मिळतं. गंमत नातवाच्या सवयीची आहे. आजीला फोन कळत नाही यावर विनोद केला, तर सभेला आलेले आजी-आजोबा दुखावतील. वर्गातल्या खऱ्या मुलाचं किंवा घराचं नावही घालू नये.

वाचताना घाई करू नका. "अंगठाच दावी" म्हणून क्षणभर थांबा. पालक शेजाऱ्याकडे पाहून हसले, तर कविता लागू पडली असं समजा.

शेवटचं कडवं उपाय सांगतं, म्हणून वाचन संपताच त्यावर बोलायला हवं. टोपली कुठे ठेवायची, किती वेळ, आणि रात्री कामावरून फोन येऊ शकतो अशा पालकाने काय करायचं? त्याने रिंग चालू ठेवून फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये असाच एक साधा नियम केला. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद राहतात. तिथे नियम मोठ्यांनाही लागू आहे, आणि आपल्या सभेतही हीच अट पहिली असावी. पुढच्या सभेपर्यंत रोज रात्रीच्या जेवणाला टोपलीत पहिला फोन आई-बाबांनी ठेवावा, मुलांना नंतर सांगावं.