स्प्रिंटच्या मध्यात आलेली मागणी
सॉफ्टवेअर टीम साधारण दोन आठवड्यांचं काम आधी ठरवून घेते. त्या टप्प्याला स्प्रिंट म्हणतात. समजा, पाचव्या दिवशी विक्रीप्रमुखांची मेल आली: बिलांची यादी एक्सेलमध्ये उतरवून घ्यायची सोय लगेच हवी. टीम लीडचं उत्तर असं जावं:

'सर, मागणी रास्त आहे. चाचणीसकट तीन दिवस लागतील. आत्ता घेतलं तर ग्राहकांना पैसे परत करण्याची सुविधा सोमवारी सुरू होणार नाही, म्हणून या स्प्रिंटमध्ये जमणार नाही. प्रॉडक्ट ओनरशी बोललोय. पुढच्या स्प्रिंटसाठी हे सर्वांत वर ठेवलंय. मंगळवारी नियोजन आहे, अर्धा तास याल का? तोवर या महिन्याची यादी आम्ही एकदा काढून देतो.'

यात कळीचं आहे ते प्रॉडक्ट ओनरशी झालेलं बोलणं. कामांचा क्रम त्याच्या हातात असतो. त्याला न विचारता जागा कबूल करणारा लीड मंगळवारी तोंडघशी पडतो. 'बघतो' हे उत्तर तर नकारापेक्षा वाईट, कारण समोरचा तो होकार समजून ग्राहकाला तारीख देऊन मोकळा होतो. मात्र बिलंच चुकीची निघत असतील, तर हे पत्र पाठवायचं नाही. ठरलेलं एखादं काम बाहेर काढून दुरुस्ती आत घ्यायची.