नाव घेताना जीभ अडखळते तेव्हा

भंडारा जिल्ह्यातल्या शाळांमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दिवस कार्यक्रमांचे असतात. 15 ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्यानंतर चार आठवड्यांच्या आत 11 नोव्हेंबर येतो. तो मौलाना अबुल कलाम आझाद यांचा जन्मदिवस असून 2008 पासून राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. दोन्ही दिवशी मुले आणि शिक्षक कागद हातात घेऊन उभे राहतात, आणि दरवर्षी कुठे ना कुठे ‘मौलाना अब्दुल कलाम आझाद’ असा उच्चार कानावर पडतो.

दोन्ही नावे वेगळी आहेत आणि त्यांचा अर्थही वेगळा आहे. ‘कलाम’ म्हणजे वाणी, बोल. ‘अबुल कलाम’ म्हणजे शब्दशः वाणीचा पिता, अर्थात वाणीवर हुकूमत असलेला. ‘अब्दुल कलाम’मधला ‘अब्द’ म्हणजे बंदा, सेवक. एक ‘द’ आत शिरला की पित्याचा सेवक होतो आणि देशाच्या पहिल्या शिक्षणमंत्र्यांना राष्ट्रपती कलामांचे नाव मिळते.

मी स्वतः बरीच वर्षे सूत्रसंचालन करतो, म्हणून दुसऱ्याला हसण्याचा हक्क मला नाही. वैनगंगेकाठच्या एका गावात बक्षीस समारंभ होता. यादीत एका मुलाचे नाव ‘शाहीद’ असे लिहिले होते. घाईत मी पुकारले, “शहीद...” मुलगा हसत मंचावर आला, पण बायकांच्या रांगेत बसलेल्या त्याच्या दादीच्या तोंडून “तौबा, तौबा” असे निघाले. कार्यक्रम संपल्यावर वडील भेटले. आवाज न चढवता ते म्हणाले, “सर, शाहिद म्हणजे साक्षीदार. शहीद म्हणजे प्राण दिलेला. माझा मुलगा जिवंत आहे, माशाअल्लाह.” मी माफी मागितली. घरी आल्यावर चूक नेमकी कुठे झाली हे शोधायला बसलो.

पहिले कारण आपल्या लेखनात सापडले. मराठीत शब्दाच्या शेवटी ‘अ’ असेल तर त्याआधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ लिहायची सवय आहे: कठीण, बहीण, फूल. त्याच सवयीने आपण शाहिदचे ‘शाहीद’, साजिदचे ‘साजीद’ आणि झाकिरचे ‘झाकीर’ करतो. अरबीतून आलेल्या या नावांत मात्र कुठला स्वर लांब आहे यावर अर्थ ठरतो. पहिला स्वर लांब असेल तर शाहिद, दुसरा लांब असेल तर शहीद. हामिद आणि हमीद, राशिद आणि रशीद, नासिर आणि नसीर या जोड्याही तशाच आहेत. 1965 च्या युद्धात परमवीर चक्र मिळालेले अब्दुल हमीद आणि माजी उपराष्ट्रपती हामिद अन्सारी यांच्या नावांत याच एका मात्रेचा फरक आहे. कागदावर ‘हामीद’ लिहिले तर वाचणाऱ्याला दोन लांब स्वर दिसतात, आणि त्यातला कोणता आखूड करायचा हे तो अंदाजाने ठरवतो.

पदव्यांमध्येही हीच जोडी आडवी येते. ‘हाफिज’ म्हणजे ज्याला संपूर्ण कुरआन मुखोद्गत आहे. ‘हफीज’ हे नाव आहे. ‘आलिम’ म्हणजे दीनचा अभ्यास पूर्ण केलेला विद्वान. ‘अलीम’ हे नाव आहे. त्यामुळे “हफीज साहेबांना विनंती करतो” असे म्हटले की पदवी जाते आणि भलत्याच माणसाला मंचावर बोलावल्यासारखे होते.

दुसरे कारण ‘ज’ या अक्षरात आहे. मराठीत ‘ज’चे उच्चार दोन आहेत. ‘जीवन’, ‘जन्म’ यांतला ज टाळूवरचा, तर ‘जागा’, ‘जवळ’, ‘जोर’ यांतला दातांजवळचा. अक्षर एकच असल्याने फरक कानाने शिकावा लागतो. इ, ई, ए हे स्वर पुढे असले की आपली जीभ टाळूकडे जाते. अ, आ, ओ पुढे असले की बरेचदा दातांकडे. अरबी-फारसी नावांना आपला हा नियम लागू नाही. म्हणून ‘ज़ीनत’, ‘अज़ीज़’ यांचा ज़ आपण टाळूवर नेतो आणि ‘जमील’चा ज दातांकडे ओढण्याची भीती असते.

यातले सर्वांत जोखमीचे नाव ‘जलील’. टाळूवरच्या ज ने जलील म्हणजे थोर, प्रतापी. दातांजवळच्या ज़ ने ज़लील म्हणजे अपमानित, हलका. अब्दुल जलील नावाच्या बुजुर्गाला मंचावरून चुकीच्या ज ने हाक मारली तर सत्काराची शाल पांघरण्याआधीच त्यांचा अपमान होऊन जातो. ही चूक बहुधा उर्दू ढंगाने बोलू पाहणाऱ्याकडून होते. सगळीकडे ज़ लावला की उच्चार शुद्ध होतो असे त्याला वाटते, आणि मग जमीलचा ज़मील, मजीदचा मज़ीद होतो. खात्री नसेल तेव्हा ज़चा हौसेने वापर करू नये.

प्रमाण मराठीत नुक्ता नाही, म्हणून आपण ज़ दाखवायला पुष्कळदा ‘झ’ लिहितो: आझाद, मुझफ्फर, झाकिर. छापण्यासाठी हे ठीक आहे. भाषणाचे टिपण मात्र फक्त आपल्या डोळ्यांसाठी असते. तिथे शुद्धलेखन बाजूला ठेवून कानाला हवे तसे लिहावे. मी चारच खुणा वापरतो. दातांजवळच्या उच्चाराला ज खाली टिंब: ज़. टाळूवरचा उच्चार हवा असेल तर ‘ज्य’: ज्यलील, ज्यमील. स्वर लांबवायचा असेल तिथे ऽ: शाऽहिद, शहीऽद. आणि श्वास घेण्याच्या जागी तिरपी रेघ. लांब नाव असेल तर अक्षरगट आडव्या रेघेने तोडतो. जिथे जीभ अडते तिथेच खूण करावी. प्रत्येक अक्षरावर खुणा केल्या की कागद नकाशासारखा दिसतो आणि ऐन वेळी काहीच वाचता येत नाही.

नोव्हेंबरच्या कार्यक्रमाची ओळ मी अशी लिहितो:

मौलाऽना / अ-बुल क-लाऽम / आऽज़ाऽद

इथे ‘अ-बुल’ तोडले आहे, कारण ‘अब्दुल’ म्हणण्याची जिभेला सवय असते. ‘आझाद’ हे त्यांचे तखल्लुस, म्हणजे लेखनासाठी घेतलेले नाव. त्यामुळे त्याआधी छोटा श्वास शोभतो. ‘कलाऽम’मध्ये ला लांब ठेवला नाही तर ऐकणाऱ्याला ‘कलम’ ऐकू येते.

ऑक्टोबरच्या कार्यक्रमाची ओळ अशी:

अ-वुल / प-कीर / जै-नु-लाब्-दीन / अब्दुल क-लाऽम

यातला ‘जैनुलाब्दीन’ पाहून उर्दू जाणणाऱ्याला वाटेल की हे ज़ैनुल आबिदीन आहे, आणि ‘पकीर’ म्हणजे फ़कीर. मुळात ते खरेच आहे. पण कलामांचे घराणे रामेश्वरमचे, घरची भाषा तमिळ. तमिळ लिपीत आणि बोलीत फ आणि ज़ हे मूळचे नाहीत, म्हणून फ़कीरचे पकीर झाले आणि ज़ैनुल आबिदीनचे जैनुलाब्दीन. जैनुलाब्दीन हे त्यांच्या वडिलांचे नाव. कुटुंबाने ते असेच लिहिले, म्हणून आपणही असेच म्हणायचे. नावाची व्युत्पत्ती शब्दकोशात असते, उच्चार मात्र नावाच्या मालकाकडे असतो. आपल्याकडचे एखादे कुटुंब स्वतःच ‘अजीज’ म्हणत असेल तर मंचावरही अजीजच म्हणावे. त्यांच्या घरचे नाव सुधारण्याचा अधिकार माइकवाल्याला नाही.

‘अब्दुल’बद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. ते एकटे नाव नाही. ‘च्या सेवक’ इतकाच त्याचा अर्थ होतो, पुढचा शब्द आल्यावाचून तो पुरा होत नाही. म्हणून “अब्दुलजी मंचावर यावेत” हे अर्धवट वाटते. पुढचा शब्द र, स, श अशा अक्षराने सुरू होत असेल तर ल त्यात मिसळतो: अब्दुर्रहमान, अब्दुस्सत्तार. पण 1980 ते 1982 या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेल्या बॅरिस्टर अंतुले यांचे नाव आपण ‘अब्दुल रहमान’ असेच लिहितो-वाचतो. दोन्ही रीती चालतात. कोणती घ्यायची ते त्या माणसाला विचारावे.

उरला प्रश्न संक्षेपांचा. टिपणात ‘खा.’ लिहिले तर माइकसमोर “खा” असेच तोंडून निघू शकते. तिथे ‘खासदार’ लिहावे. सीरतच्या कार्यक्रमात ही काळजी जास्त लागते. छापील मजकुरातले (सल्ल.) वाचताना पूर्ण ‘सल्लल्लाहु अलैहि व सल्लम’ म्हणायचे असते. ‘रजि.’ तर दोन प्रकारे उलगडते: हजरत अबू बकर यांच्या नावानंतर ‘रज़ियल्लाहु अन्हु’, हजरत खदीजा यांच्या नावानंतर ‘रज़ियल्लाहु अन्हा’. कागदावर ‘रजि.’ इतकेच असेल तर शाळकरी मूल दोघांनाही ‘अन्हु’ म्हणून मोकळे होते. म्हणून मुलांच्या कागदावर हे शब्द पूर्ण लिहून द्यावेत.

हे सगळे करायला आदल्या संध्याकाळची अर्धा तास पुरते. इंग्रजी यादीवर विसंबू नये; Shahid आणि Hamid वरून कोणता स्वर लांब ते कळतच नाही. फोन करून “स्पेलिंग काय?” असे विचारण्याऐवजी “आपले नाव आपणच एकदा सांगा” असे म्हणावे, ऐकलेले लगेच म्हणून दाखवावे आणि “बरोबर” आले की लिहावे. पदव्यांचा क्रमही तेव्हाच विचारावा. प्रत्येक मौलाना मुफ्ती नसतात आणि प्रत्येक हाफिज कारी नसतात. न मिळवलेली पदवी लावली तर त्यांनाच संकोच होतो. नाव मोठ्या अक्षरात, स्वतंत्र ओळीवर लिहावे आणि पान उलटताना ते तुटणार नाही हे पाहावे. मग मागच्या-पुढच्या वाक्यासह तीनदा मोठ्याने म्हणावे. एकटे नाव नीट येते, वाक्यात मात्र घसरते.

ख़, क़, ग़ हे घशातले उच्चार सर्वांना जमत नाहीत. मराठी शाळेत शिकलेल्याने ‘खालिद’ साध्या ख ने म्हटले तर कोणी दुखावत नाही, कारण त्याने नाव बदलत नाही. लांब-आखूड स्वर आणि ज यांनी मात्र बदलते, म्हणून मेहनत तिथे करावी. तरीही चूक झालीच तर तिथल्या तिथे नाव पुन्हा बरोबर म्हणावे आणि पुढे जावे.

त्या मुलाच्या वडिलांशी माझी ओळख पुढे वाढली. पुढच्या वर्षी त्याच शाळेत त्याचे नाव पुन्हा यादीत होते. माझ्या कागदावर ‘शाऽ-हिद’ लिहिले होते. मी पुकारले, आणि दादीने मागे वळून शेजारणीला काहीतरी सांगितले. काय ते मला ऐकू आले नाही, पण या वेळी ती हसत होती.